आभार मानताना काम सांगा

प्रश्न: प्रमोशन झालंय. सोमवारी टीमसमोर दोन शब्द बोलायला सांगितलंय. पाठ करून आल्यासारखं न वाटता सगळ्यांचे आभार कसे मानू?

उत्तर: काहीही बोला, पण 'संपूर्ण टीमचे मनापासून आभार' एवढ्यावर भागवू नका. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शॉपचे एक साहेब मॅनेजर झाले. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले. साहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचलं, 'हे यश माझ्या एकट्याचं नसून संपूर्ण टीमचं आहे.' माझ्या शेजारी मशीनचं सेटिंग करणारे आमचे सेटर अण्णा उभे होते. मार्चचा अख्खा लॉट त्यांनी वाचवला होता. पातळ भिंतीचा जॉब होता. जॉब पकडणाऱ्या चकमध्ये असताना बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, बरोबर यायचा, बाहेर काढून मोजला की आकार बिघडलेला. कुणी टूलला दोष देत होतं, कुणी प्रोग्रामला. अण्णांनी रात्री अडीच वाजता चकचं प्रेशर कमी करून शेवटचा कट घेतला आणि जॉब पास झाला. आधी चकचे जबडे जॉबला दाबून वाकवत होते, त्या वाकलेल्या अवस्थेत बोअर गोल होत होता आणि सोडल्यावर भिंत परत जागेवर जाताना तो बिघडत होता. भाषण संपलं तेव्हा अण्णांनी पेढा न खाता कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मी नंतर साहेबांना म्हणालो, अण्णांचं नाव घ्यायला हवं होतं. ते म्हणाले, 'एकाचं नाव घेतलं की दहा जण रुसतात.' मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. लोक रुसतात ते यादीमुळे. दहा नावं घेतली की अकरावा स्वतःला शोधत बसतो. पण जे काम सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ते सांगितलं, तर त्यामागून आलेलं नाव कुणाला खुपत नाही. उलट बाकीचे माना डोलावतात, कारण त्या रात्री तेही तिथंच होते.

पुढे माझं प्रमोशन झालं तेव्हा मी साधारण असं बोललो: 'मार्चची ती रात्र आठवते ना? बोअर काही केल्या जमेना. मी घरी जायच्या तयारीत होतो. आपले अण्णा म्हणाले, साहेब, एकदा प्रेशर उतरवून बघू. त्या एका वाक्यानं लॉट वाचला. आणि स्टोअरवाल्यांनी रात्री कपाट उघडून इन्सर्ट दिले नसते तर तेही जमलं नसतं. आता माझी खुर्ची बदलली आहे. मला चुकतंय असं दिसलं तर त्या रात्रीसारखंच तोंडावर सांगा.' मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. बोलणं संपल्यावर कुणीतरी मागून 'अण्णा!' अशी हाक दिली.

तयारी अशी केली होती. पूर्ण वाक्यं लिहिलीच नाहीत, चिठ्ठीवर फक्त 'अडीच, प्रेशर, इन्सर्ट' एवढंच. घरी तीनदा मोठ्यानं बोलून पाहिलं, दर वेळी वेगळ्या शब्दांत. पक्कं ठरवलं होतं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य, कारण माणूस अडखळतो तो सुरुवातीला आणि लांबण लावतो तो शेवटी. लिहिलेली वाक्यं तोंडात आली की 'याप्रसंगी', 'ऋणी आहे', 'सदैव' असले शब्द येतात आणि ते ऐकताच समोरच्याला कागद दिसतो. तुमचं भाषण तपासायचं असेल तर शेजारच्या डिपार्टमेंटच्या माणसाला ते एक शब्दही न बदलता बोलता येईल का, ते बघा. येत असेल तर ते टाकून द्या.

एक गोष्ट मात्र आधी सांभाळा, मी ती ऐनवेळी सांभाळली. ज्याचं काम सांगणार, त्याला आदल्या दिवशी विचारा. अण्णांनी त्या रात्री सेटिंग बदललं ते कुणाची सही न घेता. समोर क्वालिटीचे साहेब बसलेले असते तर माझ्या कौतुकानं अण्णांनाच उत्तरं द्यावी लागली असती. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'दुसऱ्या दिवशी नोंद करून सही घेतलीये, बोला खुशाल.' नसती घेतली तर मी दुसरा प्रसंग निवडला असता.

आणि कार्यक्रम फर्स्ट शिफ्टला असेल तर नाइटची माणसं तिथं नसतात. मी त्याच रात्री साडेअकराला परत शॉपवर गेलो, मशीन चालू असतानाच चौघांना बाजूला घेतलं आणि तेच सगळं पुन्हा बोललो. पेढ्यांचा दुसरा बॉक्स त्यांच्यासाठी राखून ठेवला होता.