‘थँक यू’च्या पुढे गाडी सरकत नाही

‘माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला कॉलेजातल्या मैत्रिणीनं गुपचूप पार्टी ठरवली. आठवडा उलटून गेला तरी तिला धड आभाराचा मेसेज गेलेला नाही. नुसतं थँक यू लिहिलं तर कोरडं वाटतं, जास्त लिहिलं तर नाटकी. आमच्यात आभार मानायची पद्धतही नाही. काय लिहू?’

हा प्रश्न घेऊन आलेल्या बाई बँकेत अधिकारी आहेत. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि पुढचा मेसेज त्यांच्या परवानगीनं देते आहे.

त्यांच्या फोनमध्ये दोन मसुदे पडून होते. पहिला असा: ‘खूप खूप धन्यवाद, किती केलंस गं, कधीच विसरणार नाही.’ त्यात खोटं काही नव्हतं, पण तोच मेसेज केटररलाही चालला असता. दुसरा लांबलचक होता: ‘एवढा खर्च कशाला केलास? मी काय एवढी मोठी लागून गेले? आता तुझ्या पन्नाशीला बघच मी काय करते ते.’ आपल्याकडे कुणी काही दिलं की तोंडातून आधी ‘कशाला उगाच’ निघतं. समोरासमोर ते गोड लागतं, कारण चेहरा दिसत असतो. लिहून पाठवलं की मागे उरते ती फक्त तक्रार. आणि शेवटचं वाक्य तर सरळ परतफेडीचं. मी तसं म्हटल्यावर बाईच हसल्या, ‘म्हणजे मी लगेच हप्ता बांधून दिला!’

मी त्यांना फोन पर्समध्ये ठेवायला सांगितला आणि दार उघडल्यापासून काय काय दिसलं, ते क्रमानं सांगा म्हटलं. ‘काय आवडलं’ असं विचारलं की लोक विशेषणं देतात, सुंदर, मस्त, भारी. ‘काय दिसलं’ विचारलं की वस्तू आणि माणसं येतात.

तशी ती आलीही. मैत्रिणीनं ‘पुतणीच्या साखरपुड्याला सोबत चल’ अशी थाप मारली होती, त्यामुळे बाई नारायणपेठ नेसून, केसांत गजरा माळून निघाल्या होत्या. ‘घरच्या गाऊनमध्ये मला कुणी पाहिलेलं चालत नाही, तिला ठाऊक आहे.’ केकवर पन्नासचा आकडा नव्हता. दिव्यांच्या माळा होत्या, पावभाजी होती, टेबलावर निशिगंध होता. पाहुणे गाद्यांवर आणि खोल सोफ्यांवर बसले होते, पण आईसाठी हातांची उंच लाकडी खुर्ची होती, तीही बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजजवळ. आईचे गुडघे दुखतात. खोल सोफ्यात बसलं की उठवायला माणूस लागतो.

प्रत्येक गोष्टीपाशी मी एकच विचारत होते: हे पैसे दिले की कुणीही करून देईल, की तुम्हाला ओळखणारीलाच सुचेल? माळा आणि पावभाजी लगेच गळाली. निशिगंधावर बाई अडल्या, तो त्यांच्या विशेष आवडीचा. तेव्हा तिथूनच मुलीला फोन लावला. निशिगंध ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आणला होता. खुर्ची मात्र मैत्रिणीनंच शेजारच्या घरातून उचलून आणली होती. ही खातरजमा करावीच. दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीचं श्रेय मिळालं तर मैत्रिणीला ते नाकारत बसावं लागतं, आणि ज्यानं केलं तो तसाच राहतो.

अगदी शेवटी, पर्स उचलता उचलता बाई म्हणाल्या, ‘आणि केकच्या आधी तिनं औक्षणाचं तबक आईच्या हातात दिलं.’

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात औक्षण निघालं की आई ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून आत जाते. तिला कुणी अडवत नाही, कुणी बोलावतही नाही. त्या संध्याकाळी मैत्रीण एवढंच म्हणाली, ‘काकू, आधी तुम्ही.’ आईचा हात थरथरला आणि कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. बाईंनी ते रात्री झोपेपर्यंत पुसलं नाही.

मेसेज कशानं अडला होता, ते इथे कळलं. सगळ्यात मोठी गोष्ट पार्टीच्या आभारात बसत नव्हती, आणि ती वगळून लिहिलेलं काहीही त्यांना खोटंच वाटणार होतं.

त्यांनी लिहिलं ते असं:

‘अगं, दार उघडल्यावर पहिली दोन मिनिटं मला पळून जावंसं वाटत होतं, ते तुला दिसलंच असेल. पण साखरपुड्याची थाप मारून नारायणपेठ नेसायला लावलीस म्हणून वाचले. केकवर आकडा नव्हता, तेही पाहिलं. आईसाठी खुर्ची तू शेजारून आणलीस असं लेक म्हणाली. आई सगळा वेळ आरामात बसली, उठताना कुणाला हाक मारावी लागली नाही. आणि तबक. तू “काकू, आधी तुम्ही” म्हणालीस आणि पुढे एक शब्द बोलली नाहीस. बाबा गेल्यापासून आईनं मला ओवाळलं नव्हतं. मला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता. तुला झाला.’

‘तुला झाला’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कृतज्ञतेवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो यांनी जोडप्यांच्या अभ्यासात असा फरक केला आहे: ‘मला किती बरं वाटलं’ हे सांगणं वेगळं आणि ‘तू अशी आहेस म्हणून हे केलंस’ हे सांगणं वेगळं. ऐकणाऱ्याला जास्त भिडतं ते दुसरं. बाईंच्या दोन्ही मसुद्यांत हे दुसरं कुठेच नव्हतं.

नाटकी वाटण्याच्या भीतीवरही अभ्यास झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, आणि ती मिळालेल्यांनाही विचारलं. मिळणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, त्यापेक्षा ते बरंच कमी झालं, आणि आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारे शब्द नीट जमले का यात अडकले होते, वाचणाऱ्यांना दिसली ती आपुलकी. हे अमेरिकेतले प्रयोग, तिथे ‘थँक यू’ जिभेवर असतं. आपल्याकडे मैत्रीत आभार मानले तर ‘परकी समजतेस का’ असं ऐकावं लागतं, हे खरंच. म्हणून तर या मेसेजात ‘धन्यवाद’ किंवा ‘आभार’ हा शब्द कुठेच नाही, आणि तो नाही हे बाईंच्या लक्षातही आलं नाही.

त्यांना अजून बऱ्याच गोष्टी घालायच्या होत्या. मी चारवर थांबवलं. यादी लांबली की तबक त्यात हरवतं, आणि सगळा मेसेज मिळालेल्या सामानाची पावती होऊन बसतो.

मेसेज फक्त मैत्रिणीलाच गेला, फॅमिली ग्रुपवर नाही. आईनं ओवाळलेलं न रुचलेले एक-दोन नातेवाईक त्या ग्रुपवर आहेत आणि तिथे आईचा विषय निघायला नको होता. ग्रुपवर सगळ्यांसाठी दोन ओळी आणि फोटो, निशिगंधवाल्या सहकाऱ्याला वेगळी एक ओळ. उशीर झाल्याची माफीही सुरुवातीला घातली नाही, नाहीतर मैत्रीण आधी ‘अगं त्यात काय’ म्हणत बसते आणि मूळ मजकूर मागे पडतो.

एक प्रश्न उरला होता. बाईंना असे धक्के मनापासून आवडत नाहीत. पुन्हा असं करू नकोस, हे याच मेसेजात लिहू का, असं त्यांनी विचारलं. पळून जावंसं वाटलं हे लिहिलंय, तेवढं पुरे, असं मी म्हटलं. बाकीचं महिनाभरानं, दोघी चहाला भेटतील तेव्हा तोंडी सांगायचं ठरलं.