वोकमध्ये शिळ्या भाताचा एग फ्राइड राइस, गॅस किती आणि टॉस किती

प्रश्न: आदल्या दिवशीचा भात वापरतो, वोक पण लोखंडी घेतलाय, व्हिडिओत बघून सतत टॉस करतो तरी फ्राइड राइस मऊ आणि चिकटच होतो आणि अंड्याचा चुरा होतो. गॅस नक्की किती ठेवायचा आणि टॉस किती वेळ करायचं?

उत्तर:

सतत टॉस करताय ना, तिथेच घोळ आहे. गॅस फुल ठेवा पण हात आवरा. भात वोकमध्ये पसरला की वीसेक सेकंद त्याला हातच लावायचा नाही, मग चार-पाच टॉस, परत वीस सेकंद गप्प बसायचं, असं करत एकूण तीन-साडेतीन मिनिटं. आणि एका वेळी 300 ग्रॅमच्या वर भात घ्यायचा नाही, म्हणजे दोन मध्यम वाट्या. चार माणसांचा करायचा असेल तर दोनदा करा, एकदम नाही.

हे मी पण उशिराच शिकलो. मी दीडेक वर्ष एका हॉटेलच्या किचनमध्ये वोकवर उभा होतो, तिथे हात थांबला की भात करपलाच समजा, त्यामुळे न थांबता उडवत राहायची सवय लागली. नंतर घरी पहिल्यांदा त्याच हिशोबाने केला तर असा काही लगदा झाला की घरचे म्हणाले तू तिथे नक्की भांडी घासायचास का रे. भात तोच, वोक तसाच, हात पण माझेच. फरक फक्त खालच्या आगीत होता.

घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण 3 किलोवॅटचा असतो, हॉटेलचा वोकचा बर्नर 25-30 किलोवॅटपर्यंत जातो, म्हणजे आठ-दहा पट. त्यात घरच्या आचेतली निम्मी उष्णता बाजूने हवेत जाते, वोकला मिळते ती दीड किलोवॅटच्या आतबाहेर. आता फ्रिजमधला 300 ग्रॅम भात वाफ निघेपर्यंत गरम करायला एवढ्या आचेवर ढोबळमानाने एक मिनिट लागतं, आणि त्यातलं जास्तीचं 25-30 ग्रॅम पाणी उडवायला अजून पाऊण-एक मिनिट. प्रत्येक टॉसला भात हवेत जातो आणि थोडा गार होऊन परत येतो. हॉटेलात ती तूट खालची आग लगेच भरून काढते, घरी नाही भरून निघत. मग वोकचा तळ शंभराच्या आसपास येऊन अडकतो, पाणी उडायच्या ऐवजी वाफ भातातच फिरत राहते आणि तुम्ही भात परतत नसता, परत शिजवत असता. 600 ग्रॅम एकदम टाकला तर वेळ नुसता दुप्पट होत नाही, थर जाड झाल्यामुळे खालची वाफ वर निघतच नाही, तो लगदा नंतर कितीही परतला तरी सुटत नाही.

हे चुकतंय हे कानाला आधी कळतं. भात टाकल्यावर कोरडा चर्रचर्र आवाज यायला हवा आणि मधेमधे एखादा दाणा टुणकन उडायला हवा. आवाज बसला, फुसफुस यायला लागली आणि वोकमधून ढगासारखी पांढरी वाफ निघाली की समजायचं तळ गार झाला. तेव्हा लोक घाबरून जोरजोरात ढवळायला लागतात, करायचं उलटं असतं, भात कडेला चढवून पसरायचा आणि आवाज परत येईपर्यंत थांबायचं.

आता भाताकडे येतो. शिळा भात लागतो कारण शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, थंड झाला की तोच स्टार्च परत घट्ट बसतो आणि दाणा कडक होतो, फ्रिजच्या 4-5 डिग्रीला हे चांगलं पटपट होतं. दुसरं म्हणजे वरचा ओलावा सुकतो. पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलात तर हे दुसरं होतच नाही, झाकणाला लागलेली वाफ परत भातावरच ठिबकते. तुमचा भात शिळा असूनही चिकट होतोय त्यामागे हे पण असू शकतं, डबा उघडून बघा, झाकणाच्या आतून थेंब दिसले तर हेच कारण. मी भात शिजवतानाच पाणी थोडं कमी घालतो, शिजला की लगेच ताटात पसरतो, वाफ गेली की ताट तसंच फ्रिजमध्ये, पहिला तासभर उघडं आणि मग वरून सैल झाकण. दुसऱ्या दिवशी हात किंचित ओला करून गुठळ्या थंड असतानाच मोकळ्या करायच्या, दाणा न दाणा सुटा. वोकमध्ये गुठळी फोडायला गेलात की उलथन्याने दाणे चिरडतात आणि आतला चिकटपणा सगळ्या भाताला लागतो.

एक मात्र पाळाच, शिळा म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत आणि भात कोमट पडून राहिला की वाढतात, त्यातला उलटी करवणारा विषारी पदार्थ तर नंतर कितीही कडक परतलं तरी जात नाही. म्हणून शिजल्यापासून तास-दोन तासात भात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

बरं, आता एक पूर्ण घाणा कसा काढतो ते सांगतो. भात 300 ग्रॅम, अंडी 2, तेल दोन मोठे चमचे, पातीचा कांदा दोन काड्या (पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा), सोया सॉस दीड-दोन छोटे चमचे, मीठ, थोडी मिरपूड. सगळं चिरून, फेटून हाताशी ठेवायचं, गॅस पेटवल्यावर काही शोधायला वेळ नसतो. अंड्यात चिमूटभर मीठ घालून काट्याने जेमतेम फेटायचं. भात फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढला तर अजून बरं, तेवढी आच वाचते.

रिकामा वोक फुल गॅसवर दोन-तीन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकून बघा, नुसता चुर्र होऊन उडाला तर अजून थांबा, मोत्यासारखा गोल होऊन तळावर पळायला लागला की झाला. आता एक चमचा तेल घालून वोक फिरवून सगळीकडे लावून घ्या, आणि तेलातून धुराची पहिली बारीक रेघ निघाली की अंडं ओता. (नॉनस्टिक वोक असेल तर हा रिकामा तापवायचा प्रकार अजिबात करू नका, कोटिंग जळतं.) अंडं कडेने लगेच फुगतं. कडा आत ओढत ओढत पंधरा-वीस सेकंद, वरून अजून ओलं चकचकीत दिसतंय तेवढ्यातच ताटलीत काढायचं. तुमच्या अंड्याचा चुरा होतो तो इथेच, पूर्ण शिजेपर्यंत वोकमध्ये राहतं आणि वर परत भातासोबत तीन मिनिटं कुटलं जातं, मग रबराचे कण होणारच. अर्धवट काढलं की उरलेलं ते शेवटच्या अर्ध्या मिनिटात शिजतं आणि मोठे मऊ तुकडे राहतात.

वोक परत तीस सेकंद तापू द्या, दुसरा चमचा तेल, पातीचा पांढरा भाग पाचेक सेकंद, आणि भात. उलथन्याच्या पाठीने भात हलकेच दाबून कडेपर्यंत पातळ पसरवायचा आणि वीस-पंचवीस सेकंद सोडून द्यायचा. मग तळाचं वर येईल असे चार-पाच टॉस, परत पसरवा, परत थांबा. असे साधारण पाच राऊंड होतात. पहिल्या दोन राऊंडला भात जड वाटतो, धप्पकन एकत्र पडतो. तिसऱ्या राऊंडपासून दाणे वेगळे होऊन वाळूसारखे सळसळत पडायला लागतात, तिथे मीठ घालायचं. पाचव्यानंतर एखाददुसऱ्या दाण्यावर फिकट बदामी ठिपका दिसेल. आता अंडं परत आत, उलथन्याने दोन-चार मोठे तुकडे करा, आणि सोया सॉस भातावर न ओतता वोकच्या कडेने तापलेल्या लोखंडावर सोडा. तो तिथेच फसफसून आटतो, जरासा जळतो आणि तो हॉटेलचा खमंग वास बराचसा तिथूनच येतो. थेट भातावर ओतलात तर एका जागी ओला काळा डाग पडतो आणि तो पसरवायला परत ढवळत बसावं लागतं. आता मात्र सलग आठ-दहा टॉस, हिरवी पात, मिरपूड, गॅस बंद आणि लगेच ताटात. वोकमध्ये ठेवून दिलात तर स्वतःच्याच वाफेने परत मऊ पडतो.

टॉसबद्दल. व्हिडिओतले शेफ वोक उचलून धरत नाहीत, तसं वाटतं फक्त. 2020 मध्ये हंगटांग को आणि डेव्हिड हू या दोन संशोधकांनी शेफ लोकांच्या हालचालींचे व्हिडिओ मोजून यावर पेपरच लिहिला होता. त्यात दिसलं की वोक चुलीच्या कडेला टेकलेलाच असतो, त्या टेकूवर तो सी-सॉसारखा झुलतो आणि त्याच वेळी पुढे-मागे सरकतो, आणि एक टॉस जेमतेम एक तृतीयांश सेकंदात होतो. तेवढा वेग घरी गाठायची काही गरज नाही, पण टेकू सोडायचा नाही एवढं त्यातून घ्या. पुढे ढकलताना पुढची कड खाली, मागे ओढताना कड झटकन वर, भात स्वतःच वळून मागे येतो. गार वोकमध्ये मूठभर कोरडा राजमा घेऊन दहा मिनिटं सराव केलात तर हात बसतो, सांडलं तरी वेचता येतं. नाहीच जमलं तर उलथन्याने तळापासून उलटा, चवीला काही फरक पडत नाही, खरंच. सपाट बुडाचा वोक इंडक्शनवर असेल तर मी म्हणेन टॉस करूच नका, उचलला की आच शून्य होते. लांब दाण्याचा भात असेल तर उलथनं जरा हलक्या हाताने, तुटतो तो.

दुसरा घाणा लगेच काढायचा असेल तर वोकमध्ये पाणी घालू नका, चिकटलेले दाणे उलथन्याने खरवडून कोरड्या कापडाने पुसून घ्या (कापड चिमट्यात धरा, मी एकदा बोटं भाजून घेतलीत), आणि परत एक मिनिट रिकामा तापवून पाण्याच्या थेंबापासून सुरुवात करा. पहिल्यापेक्षा दुसरा घाणाच चांगला होतो बहुतेक वेळा, तोपर्यंत वोक कडेपर्यंत तापलेला असतो.