फ्लोटिंग रेट बाँड मुदतीआधी मोडताना

«आईच्या नावावर (वय ६८) बँकेतून आरबीआयचे फ्लोटिंग रेट बाँड घेतोय. व्याज कसं मिळतं? मध्येच पैसे लागले तर विकता येतात का?»

विकता येत नाहीत. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, तारण ठेवून कर्जही मिळत नाही. ७ वर्षांच्या आत बँकेकडे परत देता येतात, पण फक्त ज्येष्ठांना: ६० ते ७० वयाला ६ वर्षांनी, ७० ते ८० ला ५ वर्षांनी, ८० पुढे ४ वर्षांनी. बाँड जोडनावावर असेल तर एकाचं वय बसलं तरी चालतं. त्यामुळे वडील वयाने मोठे असतील तर त्यांचं नाव आत्ताच घाला.

व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात जमा होतं, साठवून शेवटी घ्यायची सोय नाही. दर एनएससीपेक्षा ०.३५ टक्के जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी ठरतो.

आता आमचं काय झालं ते. वडिलांनी ८१ व्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये ५ लाखांचे घेतले. सप्टेंबर २०२४ ला चार वर्षं झाली. ऑपरेशन ठरलं म्हणून नोव्हेंबरमध्ये शाखेत अर्ज दिला. काउंटरवर सांगितलं, "आठवड्यात पैसे येतील." मी विश्वास ठेवला, आणि पोच घेतली नाही. खरं तर अर्ज कधीही द्या, पैसे पुढच्या व्याजाच्या तारखेलाच मिळतात. १ जानेवारीला पासबुकात फक्त २०,१२५ रुपये व्याज दिसलं (दर ८.०५). मुद्दल नाही! अर्ज पुढे गेलाच नव्हता. वयाचा दाखला जोडलेला नाही म्हणे, पण दीड महिन्यात एक फोन कुणी केला नाही. पैसे थेट १ जुलै २०२५ ला आले.

दंड म्हणून शेवटच्या सहा महिन्यांचं निम्मं व्याज कापतात, म्हणजे १०,०६२ रुपये ५० पैसे गेले. तो जानेवारीतही गेलाच असता. खरा फटका सहा महिने मुद्दल अडकल्याचा. बाँडवर कर्ज नाही, म्हणून आईचे दागिने गहाण टाकावे लागले. त्या शाखेचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून अर्ज तारखेच्या दोन महिने आधी द्या, वयाचा दाखला जोडा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. व्याजाचं खाते बंद करणार असाल तर आधी बाँडला नवीन खातं जोडून घ्या.

माझं मत विचाराल तर आजारपणासाठी ठेवलेला पैसा यात घालूच नका, तो एफडीत बरा. मी सल्लागार नाही आणि वरचे आकडे कर कापण्याआधीचे आहेत. नियम घेतानाच्या दिवशी आरबीआयच्या साइटवर एकदा पाहून घ्या.