छेद शोध

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली पोस्ट दोनदा वाचली. 18 लाखांचं पॅकेज सोडलं, घरचे रुसले, चहाचं आउटलेट टाकलं आणि चौदाव्या महिन्यात ‘महिन्याला 4 लाख’. शेवटी बारीकशी ओळ: ‘कसं केलं ते हवं असेल तर कॉमेंटमध्ये CHAI लिहा.’ राजीनामा पाठवण्याआधी ही पोस्ट जरा उसवून बघू. चहा विकण्यात काही वाईट नाही. माझा आक्षेप आहे तो पोस्टच्या बांधणीवर.

आधी ते 4 लाख. हा गल्ला आहे की नफा, हे पोस्टमध्ये कुठेच नाही. गल्ला धरून साधारण मांडणी करू. दूध, चहा, साखर, बनमस्का यांना 35 टक्के, म्हणजे 1 लाख 40 हजार. भाडं 60 हजार. पाच पोरं 15 हजारांप्रमाणे, म्हणजे 75 हजार. गॅस आणि वीज 20 हजार. फ्रँचायझीची रॉयल्टी 5 टक्के, म्हणजे 20 हजार. पॅकिंग आणि डिलिव्हरी ॲपचं कमिशन 25 हजार, किरकोळ दुरुस्ती 10 हजार. झाले 3 लाख 50 हजार. उरलेल्या 50 हजारांतून 15 लाखांच्या कर्जाचा हप्ता दे. 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी तो 33 हजारांच्या थोडा वर जातो. हातात सोळा-सतरा हजार, आणि सकाळी सहापासून गल्ल्यावर बसण्याचा तुझा पगार अजून धरलेलाच नाही. आकडे गावाप्रमाणे बदलतील, पण ‘4 लाख’ ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे आलं ते आणि हे यांत किती अंतर आहे ते बघ.

आता मुख्य गोष्ट. अशा पोस्टमध्ये अंश दिसतो, छेद दिसत नाही. एक जण टिकला हे कळतं. कितींपैकी एक, हे कळत नाही. समज, 1000 जणांनी दुकानं उघडली आणि कोणाकडेच काही विशेष कसब नाही. दरवर्षी प्रत्येकाने नाणं उडवायचं: छापा आला तर दुकान चालू, काटा आला तर कुलूप. पाच वर्षांनी सुमारे 31 दुकानं उरतील, निव्वळ नशिबाने. त्या 31 जणांना यशाचं कारण विचार. कोणी पहाटे पाचला उठणं सांगेल, कोणी जिद्द, कोणी ‘प्लॅन बी ठेवलाच नाही’ म्हणेल. खोटं कोणीच बोलत नसेल. फक्त, बुडालेल्या 969 जणांतलेही पुष्कळ पाचलाच उठत होते आणि त्यांनीही प्लॅन बी ठेवला नव्हता. त्यांच्या पोस्ट तुझ्यापर्यंत येत नाहीत, कारण दुकान बंद करणारा माणूस हप्ते फेडत असतो, लिहीत बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची आणि संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डची गोष्ट तू ऐकली असशीलच: परतलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोकं नाहीत, तिथे चिलखत लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. ती सांगताना एक भाग बहुधा गाळला जातो. किती विमानं उडाली आणि किती परतली नाहीत, याची नोंद हवाईदलाकडे होती. वाल्डला छेद हातात मिळाला होता. तुला तो शोधावा लागेल.

फ्रँचायझीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी सापडतो. ब्रँडच्या साइटवर आउटलेटची यादी असते. तिचा पत्ता वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या web.archive.org वर टाक आणि दोन वर्षांपूर्वीची प्रत उघड. समज, तेव्हा 40 नावं होती आणि आज 60 आहेत. जाहिरात म्हणेल, दीडपट वाढ. तू मात्र जुनी 40 नावं एकेक करून आजच्या यादीत शोध. त्यांतली 23 च सापडली, तर 17 बंद पडली किंवा ब्रँड सोडून गेली, आणि 37 नवीन लोक पैसे भरून आत आले. वाढीच्या आड गळती अशी झाकली जाते. नकाशावर बघून भागणार नाही, कारण बंद दुकानाची खबर कोणी दिली नाही तर ते तिथे महिनोन्महिने चालूच दिसतं. फोन लाव. जुनी प्रत मिळाली नाही, तर जुनं हॉटेल-सामान घेणाऱ्या दुकानदाराकडे जा आणि चहाचे काउंटर, डीप फ्रीझर किती महिने वापरून परत येतात ते विचार. कोणत्याही वेबिनारपेक्षा हा माणूस जास्त शिकवेल.

आता ती CHAI ची ओळ. कॉमेंट टाकली की स्वयंचलित मेसेज येतो आणि त्यात 99 रुपयांच्या मास्टरक्लासची लिंक असते. लिंकच्या शेपटीकडे बघ: `?ref=` किंवा `aff` दिसलं, तर पाठवणाऱ्याला बहुधा कमिशन आहे. `utm_campaign` दिसलं, तर ही मोहीम आहे आणि कोण कुठून आलं ते मोजलं जातंय. ‘12 मिनिटं उरली’ असं घड्याळ असेल, तर तेच पान इन्कॉग्निटो विंडोत उघड. पुन्हा 12 पासून सुरू झालं, तर मुदत खोटी आहे.

मग त्यांचा हिशेब मांड. समज, 2000 जण 99 रुपये भरतात आणि त्यांतले 3 टक्के 25 हजारांचा कोर्स घेतात. साठ जणांचे 15 लाख, वर जवळजवळ 2 लाख. हे एका बॅचचं. चहाच्या दुकानातून एवढं निघायला वर्षं लागतील. म्हणजे दुकान हा त्यांच्या जाहिरातीचा सेट, आणि गिऱ्हाईक तू.

पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगावं, हा नियम आपल्याकडे आहे. केंद्राने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शिकाही काढली. पण स्वतःचाच कोर्स विकणारा माणूस ‘माझी कहाणी’ म्हणून लिहितो, तेव्हा लेबल सहसा नसतंच. म्हणून लेबल नाही यावरून विक्री नाही असं धरू नकोस.

दावा तपासायला दोन जागा आहेत. महिन्याला 4 लाख गल्ला म्हणजे वर्षाला 48 लाख. खाण्यापिण्याच्या दुकानाला 20 लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते, आणि तो क्रमांक पाटीवर लावणं बंधनकारक आहे. क्रमांक मिळाला की gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाक: नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, रिटर्न भरलेत की नाही, हे दिसतं. ‘चौदा महिने’ हा दावा तिथेच तपासता येतो. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in वर 100 रुपये शुल्क भरून कंपनीने दाखल केलेले कागद बघता येतात. त्यात AOC-4 हा ताळेबंद आणि नफा-तोट्याचा फॉर्म शोध, आणि उत्पन्न चहातून आलं की प्रशिक्षणातून, ते टिपणांत बघ. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर हे कंपनीचे कागद मिळणार नाहीत, जीएसटीची नोंद तेवढी दिसेल; बाकीसाठी विचारणं एवढंच उरतं.

तर CHAI ऐवजी हे लिहून पाठव: ‘4 लाख हा गल्ला की भाडं, पगार, हप्ता जाऊन उरलेली रक्कम? पहिलं वर्षभर घर कोणाच्या पैशावर चाललं? तुमच्या पहिल्या बॅचमध्ये किती जण होते, आणि त्यांतल्या किती जणांची दुकानं आज चालू आहेत?’ पाठवण्याआधी तुझ्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेव. असे प्रश्न बऱ्याचदा पुसले जातात. दोन दिवसांनी ती कॉमेंट दिसते का, ते मला कळव. आर्काइव्हमधली यादी सापडली तर तीही पाठव, फोन आपण वाटून लावू.

कळावे,
तुझा दादा