सेमिस्टर प्रोजेक्टचा ब्रीफ कसा लिहावा: टप्पे, सबमिशन आणि गुण

प्रश्न: तृतीय वर्षाला चौघांच्या ग्रुपचा, १५ आठवड्यांचा, १०० गुणांचा प्रोजेक्ट पहिल्यांदाच देतोय. मागच्या वर्षी दुसऱ्या सरांच्या बॅचने सगळं काम शेवटच्या दहा दिवसांत उरकलं. टप्पे, सबमिशन आणि गुणांची विभागणी ब्रीफमध्ये नेमकी कशी लिहावी?

उत्तर:

मुलं गुण जिथे आहेत तिथे काम करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी पहिला ब्रीफ लिहिला तेव्हा डेमो आणि रिपोर्ट मिळून ६० गुण ठेवले होते. मधल्या रिव्ह्यूंना प्रत्येकी दहा, आणि तिथे दाखवायचं काय, तर 'झालेली प्रगती'. प्रगती म्हणजे काय ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. मग रिव्ह्यूला स्लाइड आल्या, डेमोला रंगवलेले खोके आले, आणि मोजलेला आकडा एकाही ग्रुपकडे नव्हता. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: त्या दिवशी माझ्यासमोर दहा मिनिटांत तपासता येणार नाही, अशी गोष्ट टप्पा म्हणून लिहायची नाही.

मी सध्या देतो तो ब्रीफच उदाहरणाला घेतो. लोड सेल, म्हणजे वजनाने किंचित वाकून त्या प्रमाणात बारीक व्होल्टेज देणारा सेन्सर, वापरून वजनकाटा बनवायचा. विषय साधा वाटतो, पण त्यात यांत्रिक जोडणी, सर्किट, कोड आणि मोजमाप हे चारही येतं. शिवाय काटा खरं सांगतो की खोटं, हे माहीत असलेलं वजन ठेवून कोणालाही पडताळता येतं.

ब्रीफच्या पहिल्या पानावर उद्दिष्टाचा परिच्छेद ठेवू नका, अटी ठेवा. माझ्या चार आहेत. शून्य ते ३ किलोपर्यंत कुठेही चूक २ ग्रॅमच्या आत. वजन ठेवल्यापासून ३ सेकंदांत आकडा स्थिर. १ किलोचं वजन चारही कोपऱ्यांवर ठेवलं तर वाचनांत ३ ग्रॅमहून जास्त फरक नको. अर्धा तास रिकामा ठेवल्यावर शून्य २ ग्रॅमहून जास्त सरकायला नको. यातली प्रत्येक अट मोजता येते. 'अचूक आणि वापरायला सोपा काटा' असं लिहिलंत, तर डेमोच्या दिवशी वाद घालण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

पहिला टप्पा तिसऱ्या आठवड्यात, १० गुण. सबमिशन दोनच पानं: ब्लॉक आकृती, आणि एका ग्रॅमला किती काउंट, म्हणजे कन्व्हर्टरने दिलेले कच्चे आकडे, मिळतील याचं भाकीत. हे भाकीत हा ब्रीफमधला सगळ्यात मोलाचा भाग आहे, म्हणून गणित इथे पूर्ण मांडतो. सेल ५ किलोचा आहे आणि त्याची संवेदनशीलता एका व्होल्टला साधारण १ मिलिव्होल्ट. एचएक्स ७११ हा २४ बिटांचा कन्व्हर्टर आहे. त्याच्या अ चॅनलवर गेन १२८ ठेवला की इनपुटची मर्यादा, दोन्ही बाजूंना, सप्लायच्या निम्म्याला १२८ ने भागून येते. ५ व्होल्टला ती सुमारे १९.५ मिलिव्होल्ट होते. पूर्ण ५ किलोला सेल सुमारे ५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे मर्यादेच्या सुमारे ०.२५६ पट, चौथ्या भागाहून किंचित जास्त. एका बाजूचे काउंट ८३,८८,६०८. त्याला ०.२५६ ने गुणून ५००० ग्रॅमने भागलं की ग्रॅममागे सुमारे ४३० काउंट येतात. सेलचं उत्तेजन आणि कन्व्हर्टरचा संदर्भ दोन्ही एकाच सप्लायवरून येतात, त्यामुळे तो थोडा कमी-जास्त झाला तरी हा आकडा फारसा हलत नाही. ज्या ग्रुपने ही गोष्ट आपणहून पकडली, त्याला मी इथे पैकीच्या पैकी देतो. सेलच्या कागदावर संवेदनशीलतेत काही टक्क्यांची सूट दिलेली असते, तेवढा फरक भाकितात चालतो.

दुसरा टप्पा सहाव्या आठवड्यात, २० गुण. इथे खोका नको, स्क्रीन नको. सेल एका पट्टीवर बसवलेला, तारा ब्रेडबोर्डवर, आणि सबमिशन म्हणजे एक तक्ता: शून्यापासून ३ किलोपर्यंत ५००-५०० ग्रॅमने वजन चढवत घेतलेले कच्चे काउंट, आणि तसेच उतरवत घेतलेले. त्याचा आलेख, आणि आलेखाचा चढ भाकिताशी जुळतो का, यावर चार ओळी. वीस गुण यासाठी की प्रोजेक्टमधल्या बहुतेक चुका इथेच सापडतात, आणि इथे त्या दुरुस्त करायला फुकट असतात.

एका ग्रुपचा चढ ग्रॅममागे १०७ आला होता. रेषा सरळ, चढ-उताराची वाचनं जुळलेली, सगळं नीटनेटकं. भाकीत नसतं तर त्यांनी १०७ हाच गुणक कोडमध्ये घातला असता आणि काटा बरा चालला असता. पण ४३० ला १०७ ने भागलं की जवळपास नेमके चार येतात, आणि असा नेमका आकडा यांत्रिक जोडणीतल्या चुकीतून येत नाही. त्यांनी बोर्ड पुन्हा पाहिला. सेलच्या सिग्नलच्या तारा ब चॅनलला जोडलेल्या होत्या, कोडही तोच चॅनल वाचत होता, आणि तिथे गेन ३२ असतो. तारा आणि कोड दोन्ही अ चॅनलवर नेले, ४२० आले. त्या मुलांनी चुकीचा तक्ता आणि बरोबर तक्ता दोन्ही जोडले. मी २० पैकी १९ दिले.

दुसरी नेहमीची चूक यांत्रिक असते. सेलचं एक टोक तळाला आणि दुसरं ताटाला बोल्टने धरायचं, आणि मधला भाग वाकायला मोकळा हवा. वॉशर लावून फट सोडली नाही तर ठरावीक वजनानंतर सेल तळाला टेकतो, आणि आलेख तिथून आडवा होऊ लागतो. वजन २ किलोपर्यंत सरळ आणि पुढे वाकलेली रेषा दिसली की सर्किट तपासायच्या आधी खाली वाकून फट बघा.

या टप्प्याला मी एक कुलूप लावलं आहे. तक्ता मान्य होईपर्यंत खोका बनवायचा नाही. उशिराची शिक्षा साधी: दिवसाला त्या टप्प्याचा दहावा हिस्सा, आणि एका आठवड्यानंतर शून्य. पण शून्य मिळालं तरी तक्ता द्यावाच लागतो, कारण कुलूप तसंच राहतं.

तिसरा टप्पा नवव्या आठवड्यात, १५ गुण: जोडलेला चालता काटा आणि चाचणीची योजना. योजना अशी लिहायची की दुसऱ्या ग्रुपने ती वाचून, काहीही न विचारता, चाचणी करावी. कुठलं वजन, कुठे ठेवायचं, किती वेळ थांबायचं, किती वेळा, आणि कुठल्या आकड्याला नापास. त्या दिवशी योजना माझ्याकडे जमा होते आणि पुढे बदलत नाही. आपल्या काट्याला सोयीची चाचणी नंतर रचण्याची वाट तिथे बंद होते.

चौथा टप्पा बाराव्या आठवड्यात, सगळ्यात मोठा, २५ गुण. ग्रुप आपसांत काटे बदलतात आणि एकमेकांच्या योजनेप्रमाणे चाचणी घेतात. या २५ ची फोड ब्रीफमध्ये शब्दशः लिहा, कारण मुलं सगळ्यात जास्त तीच वाचतात. माझ्याकडे चारही अटी पाळल्याचे ८, दुसऱ्याच्या काट्याची चाचणी नीट घेऊन नोंदवल्याचे १०, आणि आपल्या काट्यात सापडलेल्या दोषाचं कारण पुराव्यासह सांगितल्याचे ७. काटा एका अटीत नापास झाला तरी कारण पक्कं माहीत असलेला ग्रुप, नशिबाने पास झालेल्या ग्रुपच्या पुढे जाऊ शकतो. माझ्या मते इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये तसंच असायला हवं, आणि ते आकड्यांत लिहिलं नाही तर मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही.

गेल्या वेळी एका काट्याने १ किलोला तीन कोपऱ्यांवर १०००, १००१ आणि ९९९ दाखवलं, आणि चौथ्यावर ९८७. मुलांचा पहिला अंदाज 'सेल खराब' असा होता. मी विचारलं, खराब सेल एकाच कोपऱ्यावर कसा खराब असेल? वाचन कमी येतंय, म्हणजे १३ ग्रॅम कोणीतरी दुसरं उचलतंय. ताट काढल्यावर दिसलं, त्या कोपऱ्याखाली सेलची केबल ताट आणि खोक्याच्या काठामध्ये चेपली जात होती. केबल वळवली, टेपने चिकटवली, कोपऱ्यांची चाचणी पुन्हा घेतली: चौथा कोपरा ९९९. आधीचे-नंतरचे आकडे आणि चेपलेल्या केबलचा फोटो एवढ्यावर त्यांना सातपैकी सात मिळाले.

शेवटच्या आठवड्यात ३० गुणच उरतात: १५ रिपोर्टचे आणि १५ प्रत्येकाच्या स्वतंत्र व्हायवाचे. रिपोर्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधीच्या चार सबमिशनमधूनच तो तयार होतो, आणि मी १२ पानांची मर्यादा घालतो.

व्हायवाचं मात्र नीट ठरवून ठेवा, कारण चौघांत एकच जण काम करतो ही तक्रार इथेच सोडवता येते. मी तोंडी प्रश्न जवळपास विचारतच नाही. कोडमधला शून्य आणि गुणक मी पुसून ठेवतो आणि प्रत्येकाला एकट्याने काटा पुन्हा लावायला सांगतो. गणित एवढंच आहे:

```
factor = (raw - zero) / known_grams
grams  = (raw - zero) / factor
```

ज्याने काम केलंय तो आधी रिकाम्या ताटाचं वाचन घेतो, आकडा थांबेपर्यंत वाट बघतो, मग वजन ठेवतो. ज्याने केलं नाही तो वजन ठेवूनच सुरुवात करतो. फरक पहिल्या मिनिटात कळतो, आणि मुलालाही कळतो, त्यामुळे गुणांवरून वाद होत नाहीत. ६० मुलांचे प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे १० तास, ते दोन दिवसांत वाटून वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.

आणि ब्रीफ वाटण्याआधी पहिले दोन टप्पे स्वतः करून बघा. मला दोन संध्याकाळी लागल्या. वर लिहिलेली २ ग्रॅमची अट तिथूनच आली: आधी मी १ ग्रॅम लिहिणार होतो, पण माझ्याच टेबलावर अर्ध्या तासात शून्य दीड ग्रॅम सरकलं.