पाचव्या महिन्यात सिफिलिससाठीची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. मला त्रास काहीच नाही. रिपोर्ट चुकला असेल का? बाळाला काही होईल का?

ताई, त्रास नाही म्हणून रिपोर्ट चुकलाय असं धरू नका. सिफिलिसची, म्हणजे जुनी माणसं जिला ‘गरमी’ म्हणतात तिची, पहिली जखम दुखत नाही. ती आपोआप भरते आणि जंतू वर्षानुवर्षं अंगात राहू शकतात. म्हणून तर मी नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येकीचं रक्त पहिल्याच भेटीत तपासते.

पण एकट्या व्हीडीआरएलवर शिक्कामोर्तबही होत नाही. गरोदरपणात किंवा ल्युपससारख्या आजारात ती आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, बहुधा १:२ सारख्या कमी आकड्यावर. रक्त किती पट पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येते, ते हा आकडा सांगतो. लगेच टीपीएचए ही सिफिलिसची खात्री करणारी रक्ततपासणी करून घ्या. तीही पॉझिटिव्ह आली आणि आधी कधी उपचार झाले नसतील, तर आजार आहे असं धरूनच उपचार करायचे.

उपचार न झाल्यास जंतू वारेतून बाळापर्यंत जातात. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊनच जन्मतं. पेनिसिलिनही वारेतून पलीकडे जातं, त्यामुळे त्याच इंजेक्शनांनी आईबरोबर बाळावरही उपचार होतो. बाकीच्या गोळ्यांचा हा भरवसा नाही. म्हणून पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात देखरेखीखाली अंगाला पेनिसिलिनची सवय करून देतात.

माझ्याकडे विसाव्या आठवड्यात एक जण आली होती. व्हीडीआरएल १:१६, टीपीएचए पॉझिटिव्ह. लागण कधीची ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे तीन डोस, आठवड्याला एक, असं ठरलं. इंजेक्शन कमरेत दोन्ही बाजूंना विभागून देतात, चांगलंच दुखतं. पहिल्या रात्री तिला ताप आला, पोट कडक झालं. जंतू मरू लागले की पहिल्या चोवीस तासांत असं होतं. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर दवाखाना गाठायचा. तिसऱ्या डोसाला ती माहेरी गेली आणि अठरा दिवसांनी आली. गरोदरपणात एवढा खंड चालत नाही. मी तिन्ही डोस पहिल्यापासून दिले. ती रडली, पण आली.

नवऱ्यालाही तपासून उपचार दिले, नाहीतर तिला पुन्हा लागण झाली असती. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायला सांगितले.

शेवटचा डोस बाळंतपणाच्या निदान चार आठवडे आधी झालेला असावा. तिचा बराच आधी झाला होता. बाळंतपणाच्या वेळी तिची व्हीडीआरएल १:४ वर आली होती, बाळाची १:२. बाळ तपासणीत ठणठणीत होतं. आईची प्रतिद्रव्यं बाळात उतरतात, म्हणून एवढ्यावर बाळाला आजार आहे असं होत नाही. खबरदारी म्हणून त्याला एक इंजेक्शन दिलं. सहाव्या महिन्यात त्याची तपासणी निगेटिव्ह आली.

तुमच्या रिपोर्टवर आकडा किती आहे ते बघा, आणि इंजेक्शनच्या तारखा फाईलमध्ये लिहून ठेवा. बाळंतपण दुसरीकडे झालं तर तिथले डॉक्टर बाळाचं काय करायचं ते त्यावरूनच ठरवतील.