टी-स्कोर, झेड-स्कोर आणि ‘उणे’ची भाषा

प्रश्न : आईच्या (वय ६८) हाडांच्या घनतेच्या रिपोर्टमध्ये खुब्याच्या ‘नेक’पुढे, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेपुढे, टी-स्कोर −२.६ आणि झेड-स्कोर −०.९ आहे. कण्याचा टी-स्कोर मात्र −१.२ आहे. एकाच हाडाला दोन स्कोर कसे? आणि यातला ‘आईचा स्कोर’ कुठला म्हणायचा?

‘स्कोर’ म्हटलं की आपल्याला शंभरपैकी मिळालेले गुण आठवतात. इथे ते गुण नाहीत, सरासरीपासूनचं अंतर आहे. त्यामुळे ‘हाडं २.६ टक्के झिजली’ असं जे सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. अंतर मोजायचं एकक म्हणजे प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, आणि ‘उणे’ म्हणजे सरासरीच्या खाली. टी आणि झेड यांत फरक पडतो तो सरासरी कोणाची घेतली यामुळे.

उदाहरणासाठी गोल आकडे घेऊ. आईच्या नेकची घनता ०.५४ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आहे, तरुण स्त्रियांची सरासरी ०.८५ आणि प्रमाण विचलन ०.१२ आहे असं धरा. ०.५४ मधून ०.८५ वजा करून ०.१२ ने भागलं की साधारण −२.६ येतात. हा टी-स्कोर. आता तरुणींच्या जागी आईच्याच वयाच्या स्त्रियांची सरासरी, समजा ०.६५, ठेवली की उत्तर −०.९ येतं. हा झेड-स्कोर. हाड तेच, मोजमाप तेच. फक्त शेजारी उभी केलेली माणसं बदलली.

झेड-स्कोर बरा दिसला म्हणून हायसं वाटून घेऊ नये. ‘वयाच्या मानाने ठीक’ एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या वयात बहुतेकींची हाडं विरळ झालेलीच असतात. पाळी गेलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांचं निदान टी-स्कोरवर होतं: −१ पर्यंत सामान्य, −१ च्या खाली पण −२.५ पर्यंत न पोचलेला असेल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, −२.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. त्याहून तरुण व्यक्तींसाठी झेड-स्कोर पाहतात. तो −२ किंवा त्याखाली असेल, तर वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी. मोठ्या वयात झेड इतका खाली आला, तर हाडं विरळ होण्यामागे वयाव्यतिरिक्त दुसरं काही कारण आहे का, हे डॉक्टर शोधतात.

आता ‘आईचा स्कोर’. कणा आणि खुबा यांची सरासरी काढत नाहीत. कण्याचा एल१ ते एल४ या कमरेच्या चार मणक्यांचा एकत्रित आकडा, खुब्याचा ‘नेक’ आणि खुब्याचा ‘टोटल’ यांपैकी सर्वांत खालचा टी-स्कोर निदानाला धरतात. म्हणजे इथे −२.६. खुब्याच्या तक्त्यात ‘वॉर्ड्स’ नावाची ओळ दिसली तर ती सोडून द्या. ती बऱ्याचदा सर्वांत खाली असते आणि उगाच घाबरवते, पण निदानाला वापरत नाहीत.

मग कणा इतका बरा कसा? एकत्रित आकड्यावर न थांबता एकेका मणक्याची ओळ वाचा. समजा एल१ −२.४, एल२ −२.१, एल३ −०.४, एल४ −०.२ असे आकडे आहेत. एल२ वरून एल३ वर एकदम १.७ ची उडी आहे. शेजारच्या मणक्यांत १ पेक्षा जास्त फरक पडला की शंका घ्यायची. चित्रात एल३-एल४ च्या कडा पांढऱ्याशुभ्र, जाड दिसत असतील, तर ती उतारवयात मणक्यांना फुटलेली हाडाची टोकं असतात. यंत्र त्यांचंही कॅल्शियम मोजतं आणि आकडा फुगतो. असे मणके वगळून उरलेल्यांचा स्कोर काढतात, मात्र किमान दोन मणके उरले पाहिजेत. इथे एल१-एल२ चा साधारण −२.२ येईल, आणि तो खुब्याशी जुळतो.

‘घनता’ हा शब्दही इथे जरा फसवा आहे. यंत्र हाडाचं आकारमान मोजत नाही. सपाट चित्रातल्या सावलीचं क्षेत्रफळ मोजतं आणि खनिजाच्या वजनाला त्याने भागतं. म्हणून दबून मोडलेला मणका कागदावर चांगला दिसतो: खनिज तेवढंच राहतं, सावली आखूड होते, भागाकार वाढतो. चित्रात एखादा मणका शेजाऱ्यांपेक्षा बुटका दिसला, तर त्याच्या चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तिथे फ्रॅक्चर असू शकतं, आणि ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

खुब्याच्या चित्रातही असाच एक खोडा असतो. पाय आत वळवून बांधलेला नसेल, तर मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा ठळक बाहेर आलेला दिसतो. तेव्हा नेक तिरपी पडून आखूड दिसते आणि घनता खऱ्यापेक्षा जास्त येते. चित्र नीट असेल तर तो उंचवटा जेमतेम दिसतो.

बोलताना ‘स्कोर कमी आला की जास्त?’ हा घोळ कायम होतो, कारण −३ आकड्याने −२ पेक्षा लहान, पण कानाला मोठा. त्यापेक्षा ‘खुब्याच्या नेकचा टी-स्कोर उणे २.६, म्हणजे −२.५ च्या खाली’ असं जागेसकट सांगावं.